सातवं पान

स्फाक्स शहरातल्या वकील बूगत्तास यांच्या कचेरीत झोहरा कारकून होती. एका विधवेच्या अपिलाचं सातवं पान स्कॅनमध्ये आलंच नाही आणि कोर्टाने अपील परत पाठवलं. वकिलांनी त्या बाईसमोरच झोहराला निष्काळजी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या हादीने स्कॅनिंग मशीनचं वरचं झाकण उघडलं. रोलर गुळगुळीत झाले होते, त्यांवर कागदाच्या धुळीचा काळा, चिकट थर होता.

"एका बाजूने जास्त झिजलेत, म्हणून कागद तिरके जातात," तो म्हणाला. "आणि हा पॅड बघ. दुसरा कागद अडवणं याचं काम. हाच घासला गेला, मग दोन-दोन आत जाणारच. मागच्या वर्षीच बदला म्हटलं होतं. तुझे वकील उस्ताद म्हणाले, पुसून दे, चालतंय तोवर चालू दे. माझ्या दुरुस्तीच्या कागदावर त्यांची सही आहे."

झोहराला शिसारी आली. तेवढ्यात वकील आत आले. "नवीन टाक, हादी. बाहेर बोलू नकोस."

झोहराने अपिलाचं एकेक पान काचेवर ठेवून स्कॅन केलं आणि ते विधवेच्या घरी नेऊन दिलं.

"खाला, मशीन बिघडलंय हे वकिलांना वर्षभर ठाऊक होतं."

विधवेने दुसरा वकील गाठला. झोहरा बूगत्तास यांच्या कचेरीत परत गेली नाही. त्या माणसाचा आवाजही तिला नकोसा झाला होता.