फासे कपाटात

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला संगणकाचा नॉनडिटरमिनिझम, म्हणजे एकाच वेळी सगळ्या वाटा चालून बघणं, शिकवायचा, म्हणून मी दोन तासांचा आराखडा केला: चक्रव्यूहाचा पट, मग त्यावर फासे. आयत्या वेळी स्वतःवरच चिडून फासे कपाटात कोंबले. फासा नशिबाने एकच वाट निवडतो. इथे फाट्यावर प्रत्येक वाटेने एकेक सोंगटी पाठवायची. एक जरी बाहेरच्या दारापाशी पोचली, तरी उत्तर 'हो'.

सोंगट्या संपल्या, पेनांची टोपणं आली. एकेक अडकू लागली.

वर्गाचा 'काका', म्हणजे पहिल्याच वर्षात दोनदा नापास झालेला मुलगा, उठला. "मॅडम, दोन अडकल्या की 'नाही' म्हणायचं?"

"मुळीच नाही! सगळ्या अडकल्या तरच."

"मग माझ्या दोनच अडकल्यात," म्हणत त्याने स्वतःच्या पेनाचं टोपण पटावर ठेवलं.