दहा महिने कुठून मोजायचे

बाळ मस्कतला, नवऱ्याजवळ, सुग्रीवजवळ व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. दुष्काळात सहकारी साखर कारखान्याचं गाळप थांबलं तेव्हा तिथलं बॉयलरवरचं काम सोडून तो ओमानला गेला. मागच्या वर्षी त्यानं मलाही नेलं. मार्चमध्ये, सातव्या महिन्यात, मी माहेरी आष्टीला आले आणि आजोबांनी, आप्पांनी, परतीची वाट अडवली.

सुग्रीवच्या ऑफिसनं काढलेल्या आमच्या आरोग्य विम्याचे कागद फक्त अरबीत होते. आप्पा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. लिपी ओळखीची, म्हणून विम्यात काय मिळणार नाही ते सांगणारं पान त्यांनी भिंगाखाली धरलं.

"तकालीफ... हमल... दहा महिने. पोटुशीच्या तकलिफीला दहा महिने काई मिळणार न्हाई. पोरी, बाळ तर नवव्यातच होतंय! कावून जातीस तिकडं?"

दहा हा आकडा मला पटेना. मी आप्पांना घेऊन बीडला नफिसाबाईंकडे गेले. त्या निवृत्त अरबी शिक्षिका. मला वाचता यावं आणि सुग्रीवच्या ऑफिसलाही दाखवता यावं, म्हणून इंग्रजी भाषांतर मागितलं.

पहिल्याच शब्दाला त्या हसल्या. "आप्पा, उर्दूत तकालीफ म्हणजे त्रास. अरबीत खर्च."

"सत्तर वर्सं मला तकलीफ म्हंजे तकलीफच म्हाईत हाय."

"घरात तेच चालू द्या. कागदावर खर्च."

"लगीन झाल्यावर दोनी एकच की वो!"

नफिसाबाईंनी वाक्य संथपणे इंग्रजीत उतरवलं. "आणि हे दहा महिने पोटातले नाहीत. विमा सुरू झाल्यापासूनचे आहेत."

मी कार्ड काढलं. एक ऑगस्ट. म्हणजे मेअखेर मुदत संपत होती. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख अठरा जून दिली होती. मला एकदम हसू फुटलं.

"थांब बाळा, वाक्य संपलं नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. "मेअखेरपर्यंतच्या तपासण्या तुमच्या खर्चानं. बाळंतपण मेमध्येच झालं, तर तेही. जिवाला धोका असेल तरच अपवाद. हे मी गोड करून लिहिणार नाही."

वर त्यांनी टीप लिहिली: हे समजण्यापुरतं, वाद झाल्यास मूळ अरबी मजकूर ग्राह्य. मी पानाचा फोटो सुग्रीवला पाठवला. तासाभरात त्याचा फोन आला. ऑफिसनं विमा कंपनीला विचारलं होतं. तारीख बरोबर होती.

"आन् मेमधीच आलं तर?" आप्पांनी विचारलं.

"तर बिल आम्ही भरू. त्यासाठी पैसे बाजूला ठेवू. पण मला जायचंय, आप्पा."

आप्पांनी इंग्रजी पान भिंगाखाली धरलं. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं.

"डॉक्टरीणबाईच्या चिठ्ठीबिगर इमानात बसायचं न्हाई," ते म्हणाले. मग नफिसाबाईंकडे वळले. "बाई, त्या मुलखात डिंक चांगला भेटतो का हो? का हितूनच बांधून देऊ?"