तिसऱ्या बेटाचं वय

पाठीमागे विद्यार्थी मला दगडाबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं दगडांची वयं काढतेय. आता माझंच वय गुडघ्यांत उतरलंय.

माझी शेवटची विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. डोळे सुजलेले. प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

तिचा विषय बेटांची एक ओळ. खाली खोल जमिनीत आग एकाच जागी असते, आणि वरचं कवच सरकत राहतं. आगीवर आलेल्या जागी ज्वालामुखी उठतो, बेट होतं, पुढे सरकतं, विझतं; मागे नवं उठतं. इथलं धगधगतं बेट आग्नेय टोकाला, सगळ्यात म्हातारं वायव्येला, म्हणजे कवच वायव्येकडे चाललंय. वेग काढायला दोनच गोष्टी लागतात, अंतर आणि वय. पहिलं विझलेलं बेट धगधगत्यापासून नव्वद किलोमीटरवर, दहा लाख वर्षांचं. दुसरं एकशे ऐंशीवर, वीस लाखांचं. चौथं तीनशे साठवर, चाळीस लाखांचं. म्हणजे वर्षाला नऊ सेंटीमीटर.

तिसऱ्यापाशी घोडं पेंड खात होतं. दोनशे सत्तर किलोमीटरवर, आणि वय तीसऐवजी अकरा लाख.

"मॅडम, आगच मधे सरकली असणार. सगळा प्रबंध त्यावरच उभा केलाय," ती म्हणाली.

"त्या दगडाचा पातळ काप आण."

सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या दाण्यांचे पुंजके दिसले, खोलातून लाव्ह्याबरोबर वर आलेले. डोंगर उभा करणाऱ्या मूळ लाव्ह्यात ते सहसा नसतात. बेट पुढे सरकल्यावर, लाखो वर्षं गप्प बसून, कधी कधी माथ्यावर पुन्हा थोडा लाव्हा येतो, हा तोच. बेटाचं खरं वय पायथ्याच्या कड्यात असतं.

तिचे दगड मीच गोळा केले होते. माझ्या वहीत मात्र, माझ्याच अक्षरात, लिहिलं होतं: पायथ्याचा कडा.

सहा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. आई दवाखान्यात होती, बोट चारला सुटणार होती, खाली उतरायला दोन तास लागले असते. वर रस्त्याकडेला छान काळा दगड होता. एकाने काय बिघडतंय, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. तेव्हा वेळ मारून नेली, ते आता हिच्या मुळावर आलं. मला स्वतःची लाज वाटली.

"आग हलली नाही. तो दगड मी माथ्यावरून उचलला आणि खोटं लिहिलं," मी म्हणाले.

तिने आलेख उलटा करून टेबलावर ठेवला.

"दोन वर्षं, मॅडम."

"समितीला मी लेखी कळवते, माझ्या सहीने. मुदत वाढवून मागते. आणि पायथ्याला मी स्वतः उतरते."

"तुमचे गुडघे?"

"ते माझं मी बघेन."

तिने दुसरंच विचारलं. "बाकीच्या बेटांचे दगड?"

"पायथ्याचेच आहेत," मी म्हणाले. ते खरं होतं.

तिने मान हलवली, माझी वही पुढे ओढली आणि पहिल्या पानापासून तपासायला बसली.