सात जणांचं उत्तर

"पाटी वाचूनच दुखणाईताचा जीव भांड्यात पडला पाहिजे, पोरी," पाट्या रंगवणारे माझे बाबा म्हणायचे.

मी मात्र डॉक्टरकाकूंच्या दवाखान्याची नवी पाटी करताना 'दवाखाना' हा शब्दच पुसला. फिकट हिरवं पान काढलं, शेजारी नाजूक वळणाचं नाव आणि वेळा पार पायाशी, मुंगीएवढ्या.

महिन्याभरानं काकूंनी बोलावलं. बाकं निम्मी रिकामी होती. औषधं देणाऱ्या मावशी फणकारल्या, "काल एक बाई भुवया कोरायला आली होती! आणि पलीकडच्या गल्लीतले आजोबा दम लागलेला असताना दारावरून पुढे गेले, थेट चौकापर्यंत. म्हणे, दवाखाना उठला वाटतं."

"आता कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. नशीब त्यांचं."

काकू उलट मलाच धीर द्यायला लागल्या. "तुझा काय दोष? आधी चार लोकांना विचारायला हवं होतं, एवढंच."

माझी मान वर होईना.

"विचारलं होतं, काकू. पाटी लावण्याआधी गल्लीतल्या दहा जणांना दाखवली होती. सात जणांना हा दवाखाना वाटलाच नाही. मला ते पान फार आवडलं होतं, म्हणून त्यांची उत्तरं मी तुमच्यापासून लपवली."