तळ्यातले चमचे

साहेबांच्या मेव्हण्याने काढलेला तळ्याचा व्हिडिओ पक्षीतज्ज्ञ बाईंपुढे आला. संध्याकाळच्या उन्हात सगळे पक्षी गुलाबी दिसत होते.

"फ्लेमिंगो आलेत, पर्यटनाचं पोस्टर छापू," साहेब म्हणाले.

"फ्लेमिंगोची चोच मध्येच खाली वाकते. तो डोकं उलटं करून पाणी गाळतो. यांची चोच सरळ, टोकाला चमच्यासारखी चपटी आहे आणि ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरतेय. हे चमचे पक्षी आहेत."

"आणि मागचे मोठे?"

"पेलिकन. चोचीखालच्या पिशवीत पोहता पोहता मासे पकडतायत."

साहेबांनी दोन्ही सहायकांकडे पाहिलं.

"आम्हाला तर फ्लेमिंगोच दिसतात," दोघे एका सुरात म्हणाले.

"म्हणजे चमचे खोलीतही आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या.

पोस्टरवर फ्लेमिंगोच छापले गेले. खाली सल्लागार म्हणून बाईंचं नाव होतं.