भिंगरीचा पेपर फुटतो

दुसऱ्यांच्या पोरांना पैकीच्या पैकी मार्क मिळवून देणं हा सरांचा धंदा होता, आणि त्यात ते इतके मुरले होते की समोर मूल दिसलं की आधी त्याची टक्केवारी दिसायची. गणिताचे क्लास. भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो, आणि त्यांच्या मधोमध सरांचा सगळ्यांत मोठा, जणू प्रत्येक परीक्षा त्यांनीच दिली होती. अशा माणसाची स्वतःची लेक परीक्षेला बसणार आणि तो गप्प राहणार, हे होणं शक्य नव्हतं.

लेकीचं नाव घरात भिंगरी. स्वतःभोवती गोल फिरायची, म्हणून. ती उशिरा बसली, उशिरा चालली, आणि बोलण्याचं तर अजून मनावरच घेतलं नव्हतं. मागच्या वर्षी, ती तीन वर्षांची झाली तेव्हा, विकास केंद्रातल्या थेरपिस्ट ताईंनी तिची तपासणी करून सांगितलं होतं, "तिची एकूण वाढ साधारण दीड वर्षाच्या मुलाएवढी आहे." सरांनी त्यातून एवढंच उचललं की दीड वर्षाचा बॅकलॉग आहे. बॅकलॉग म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. मुलं पाच-पाच विषयांचा बॅकलॉग भरून काढतात, ही तर एकुलती एक मुलगी आणि शिकवायला घरचा मास्तर.

तपासणीत ताईंनी चित्रं दाखवून "हे काय?" असं विचारलं होतं. सरांनी ती चित्रं लक्षात ठेवली होती. जुन्या प्रश्नपत्रिका जमवण्यात त्यांचा हातखंडा. घरी येऊन त्यांनी तशीच कार्डं बनवली आणि रोज क्लास सुटला की भिंगरीला समोर बसवायला सुरुवात केली. चेंडू, माऊ, बूट, कप. चेंडू, माऊ, बूट, कप. बायको म्हणायची, "अहो, तिला जरा खेळू द्या की." सर म्हणायचे, "खेळतेच आहे. चेंडू काय अभ्यासाची वस्तू आहे?" या उत्तरावर ते स्वतःच खूश व्हायचे.

भिंगरी चार वर्षांची झाली आणि पुन्हा तपासणीची तारीख आली. या तपासणीवरून पुढच्या काही महिन्यांत तिला काय शिकवायचं ते ठरणार होतं. सरांच्या मनात मात्र निकाल लागणार होता, तिचा नव्हे, त्यांचा.

सुरुवात छान झाली. भिंगरी फिरली, चढली, उतरली, ठोकळ्यांचा मनोरा रचून पाडला. मग ताईंनी चित्रांचं पुस्तक उघडलं. सरांनी खुर्चीत सावरून बसत बायकोकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, आता बघ.

ताईंनी चेंडू दाखवला. "चेन्नू," भिंगरी म्हणाली. सरांना आभाळ ठेंगणं झालं. ताईंनी पुढचं पान उलटलं. कप. भिंगरी म्हणाली, "माऊ." पुढे मांजर. "बू." मग बूट. "कप."

ताईंनी पुस्तक मिटलं आणि हातातलं घड्याळ दाखवलं. "चेन्नू." मग त्यांनी सरांकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"माऊ," भिंगरी म्हणाली, आणि काम संपल्यासारखी खुर्चीवरून उतरली.

चोराच्या मनात चांदणं. सरांनी एकदा छताकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. ताई रागावल्या नाहीत, उलट हसल्या, तेच जास्त लागलं. "सर, पेपर फोडलात ना?"

"थोडासा," सर म्हणाले.

"हा भाग मी धरणार नाही. हे तिचं बोलणं नाही, पाठांतर आहे. मी ते मोजलं तर तिची भाषा आहे त्याहून पुढची दिसेल, आणि मग तिला जे शिकवायला हवं तेच राहून जाईल. मला सांगा, घरी तिला काही हवं असलं तर ती काय करते? कोणी न शिकवता, आपणहून?"

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना ठाऊक नाही. तिला काय येत नाही, ते त्यांना पाठ होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि त्याच दिव्याचा केवढा तो फोटो भिंतीवर.

"मी सांगू?" बायकोने विचारलं. तिचा आवाज जरा अडखळला. "हे क्लासवरून आले की ती जाते आणि यांचे बूट आणते. यांच्यासमोर ठेवते. मग यांची पिशवी ओढत आणते. मग दाराकडे बोट दाखवते."

"मला वाटायचं, स्वागत करते," सर म्हणाले.

सरांना मनापासून रडू आलं, आणि त्याच वेळी हसूही, कारण एवढ्या वर्षांत त्यांना एकाही विद्यार्थ्याने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

ताईंनी मात्र पेन उचललं होतं. "अहो, पण हे केवढं मोठं आहे. बूट कोणाचे ते तिला कळतं. बूट, पिशवी, दार, हे तिने स्वतः जोडलं. दार दाखवून ती मागणी करते. हे तिचं खरं बोलणं." त्यांनी आईला आणखी बरंच विचारलं, मग हिशेब मांडला. "एकूण वाढ आता साधारण दोन वर्षांच्या मुलाएवढी. पण हा एकच आकडा धरून बसू नका. चढण्या-पळण्यात ती तिनाच्या आसपास आहे, समजण्यात दोनच्या, बोलण्यात अजून दीडच्या."

सरांमधला गणिताचा मास्तर जागा झालाच. "म्हणजे मागच्या वर्षी दीड वर्षाचं अंतर होतं, आता दोन वर्षांचं. वाढलं की."

"तुम्ही वजाबाकी केलीत. भागाकार करा."

तीनात दीड. चारात दोन. निम्मं, आणि निम्मंच. सरांनी दहावीच्या पोरांना गुणोत्तर शिकवण्यात हयात घालवली होती.

"कॅलेंडर वर्षात बारा महिने चालतं, ती सहा चालली. आधीही तिची गती तीच होती," ताई म्हणाल्या. "अंतर वाढतंय म्हणजे ती मागे चालली आहे असं नाही. आणि वाढ दोन वर्षांच्या मुलाएवढी म्हणजे ती दोन वर्षांची नाही. ती चार वर्षांचीच आहे. चार वर्षं ती तुम्हाला ओळखते आहे. दोन वर्षांच्या मुलाला बाप इतका नीट कळलेला नसतो."

मग त्यांनी विचारलं, पालक म्हणून पुढचं उद्दिष्ट काय ठेवू या? सर हळूच म्हणाले, "तिने मला घालवून देऊ नये."

"ते तिचं उद्दिष्ट नाही, सर. ते तुमचं आहे. तिचं म्हणणं ऐकलं जातं, एवढं तिला आधी कळू द्या."

संध्याकाळी भिंगरीने बूट आणून ठेवले. मग पिशवी. मग दाराकडे बोट. सरांनी बूट घातले, पिशवी घेतली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

आत सगळं शांत झालं. भिंगरीचं म्हणणं आजवर इतकं तंतोतंत कोणी ऐकलं नसावं. थोड्या वेळाने बायकोने दार उघडलं. भिंगरी उंबऱ्यात उभी होती आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती, रोज कार्डं धरणाऱ्या हाताकडे नाही. तिने त्याचं बोट धरून त्याला आत ओढलं. आत आल्यावर विचार केला आणि पुन्हा दाराकडे बोट दाखवलं. सर पुन्हा बाहेर. या वेळी आतून खिदळणं ऐकू आलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरत होते. बूट घालून, पिशवी धरून, स्वतःच्याच बंद दाराशी उभे असलेले सर पाहून ते थांबले.

"काय सर, घरातून काढलं की काय?"

"हो," सर म्हणाले. "पण थांबा जरा, आता घेईल आत."