आपले लोक

शेअर ब्रोकरेजच्या ऑफिसात त्याला सगळे गाळणी म्हणत. तिमाही निकाल लागले की कंपनीचे मोठे लोक आणि ब्रोकरेजचे विश्लेषक फोनवर बोलतात, त्याचा शब्दन्‌शब्द उतरवलेला मजकूर येतो. ते पाल्हाळ गाळून एका पानावर आणायचं, हे त्याचं काम. पानावर मथळे तीनच: मॅनेजमेंटचे दावे, पुढचा अंदाज, विश्लेषकांच्या शंका.

त्या दिवशी कागद बनवणाऱ्या एका कंपनीचा मजकूर समोर होता. त्याचे भावोजी तिथेच बॉयलरवर होते. हे नातं त्याने ऑफिसला रीतसर फॉर्म भरून कळवलं होतं. दाव्यांमध्ये नेहमीचीच फुशारकी होती, विक्रमी उत्पादन आणि वाढलेला नफा. अंदाजात म्हटलं होतं की यंदा कारखाना एक दिवसही थांबणार नाही, म्हणून माल दहा टक्के जास्त निघेल. मग एका विश्लेषक बाईंनी विचारलं होतं, बॉयलर बंद ठेवून करायची वार्षिक तपासणी तुम्ही दुसऱ्यांदा पुढे ढकलली, हे सुरक्षित आहे का? कंपनीच्या फायनान्सच्या साहेबांनी इंधनाच्या भावावर भाषण ठोकलं. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. उत्तर आलं, ‘दखल घेतली आहे. पुढचा प्रश्न.’

गाळणीने तो भाग पुन्हा वाचला. त्याने शंकांमध्ये पहिलीच ओळ लिहिली: बॉयलरची तपासणी दुसऱ्यांदा लांबणीवर, प्रश्न दोनदा विचारला, उत्तर मिळालं नाही.

त्याच्या ऑफिसातले रिसर्चचे साहेब मागे येऊन उभे राहिले.

“ही ओळ काढ. कारखाना थांबणार नाही, हे अंदाजात आलंय ना? चांगली बातमी आहे ती. ‘दखल घेतली’ म्हणजे उत्तरच झालं.”

“दखल म्हणजे उत्तर नाही, साहेब. नाही काढणार.”

साहेबांनी कीबोर्ड ओढला. याने तो धरून ठेवला. ओढाताणीत साहेबांचं कोपर याच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, आणि इतक्या वर्षांचा मवाळ माणूस एकदम पिसाळला. त्याने साहेबांची कॉलर धरून त्यांना केबिनच्या काचेवर आपटलं. काच तडकली, साहेबांच्या भुवईतून रक्त आलं. दोघंही धापा टाकत उभे राहिले. शेवटी भुवईला रुमाल दाबून साहेब म्हणाले, “राहू दे तुझी ओळ. मजकुरात आहे, तेव्हा कुणी आपल्याला जबाबदार धरणार नाही.”

पान ग्राहकांकडे गेलं. पान बाहेर पडेपर्यंत घरी काही बोलायचं नाही, हा नियम त्याने पाळला. ते बाहेर पडल्यावर बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. पण गडी जिंकला होता ना! ताईकडे जेवायला गेला तेव्हा त्याने फाटक्या ओठाची गोष्ट रंगवून सांगितली, फक्त भांडण कशावरून झालं ते राहून गेलं. भावोजी पोट धरधरून हसले आणि रात्रपाळीचा डबा घेऊन निघाले.

पुढच्याच आठवड्यात बॉयलर फुटला. लोखंडी पत्रे भिंती फोडून रस्त्यावर पडले. वाफेने माणसं जागच्या जागी उकडली. भावोजींना हॉस्पिटलात आणलं तेव्हा हातांची कातडी हातमोज्यांसारखी सुटून आली होती. ते रात्रभर ओरडत होते. पहाटे ओरडणं थांबलं, आणि ते थांबल्यावर ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याहून वाईट होता.

सकाळी शेअर बाजार उघडला तेव्हा तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिच्याजवळ बसला होता, तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. त्यांना तो नात्याचा फॉर्म आठवतही नसावा. उत्साहात ते नेहमीच मोठ्याने बोलायचे, शेजारच्याला सगळं ऐकू जायचं.

“गाळण्या, मानलं तुला! तुझी बॉयलरची ओळ वाचून आपल्या सगळ्या ग्राहकांनी गेल्याच आठवड्यात शेअर विकले. आज भाव कोसळलाय बघ. तुझ्यामुळे आपले लोक वाचले!”

त्याने फोन बंद केला. ताई त्याच्याकडे बघत होती.

“तुला माहीत होतं?”

“मी लिहिलं होतं, ताई. पहिलीच ओळ होती. साहेबांशी मारामारी करून ती ठेवली.”

ताईने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. मग दोन्ही मुठींनी, जिथे लागेल तिथे, नाकावर, कानावर, छातीवर. ओठ पुन्हा फुटला. नर्स धावत आली, तर त्यानेच तिला हाताने थांबवलं. त्याला मार हवा होता, आणखी हवा होता.

दमून ताईने त्याचा शर्ट मुठीत धरला आणि अगदी हळू विचारलं, “लिहिलंस. पण कुणाला?”

आता प्रश्न त्याला होता. तिने तो पुन्हा विचारला. त्याच्या तोंडातलं रक्त तिच्या हातावर ठिबकत होतं, आणि उत्तर मिळालं नाही.